पुडीवर न लिहिलेले मीठ

ओपीडीत रक्तदाब मोजण्याच्या टेबलाशी दिवसातून शंभर वेळा तरी मी एकच वाक्य उच्चारत आलो आहे. "मीठ कमी खा." भिवंडीत हे वाक्य हिंदीत, उर्दू वळणाने, कधी मोडक्यातोडक्या तेलुगूतही बोलावे लागते. समोरचा माणूस मान डोलावतो, गोळ्या घेतो आणि महिन्याने तोच आकडा घेऊन परत येतो. मग मी गोळी वाढवतो. बरीच वर्षे हे असेच चालले होते. माझ्या त्या वाक्याचा काहीच उपयोग होत नाही, हे मला एका यंत्रमाग कामगाराने दाखवून दिले.

वय चाळिशीच्या आतले. उत्तर प्रदेशातून आलेला, पंधरा वर्षे लूमवर. बारा तासांची पाळी, राहायला कारखान्याजवळच्या खोलीत आठ-दहा जणांसोबत आणि जेवण खानावळीत. इथे या खानावळीला 'बिसी' म्हणतात. महिन्याचे पैसे भरायचे आणि दोन वेळा जेवायचे. त्याचा रक्तदाब 162/100 होता. गोळी तो नियमित घेत होता, हे मी रिकाम्या पाकिटांवरून पडताळून पाहिले होते. मिठाचे विचारले तर म्हणाला, "डॉक्टरसाब, ऊपर से नमक कभी नहीं लेता." तो खोटे बोलत नव्हता. ताटात वरून मीठ तो घेतच नव्हता.

त्या दिवशी गोळी वाढवण्याऐवजी मी त्याला एक काम सांगितले. एका दिवसात जे जे पाकिटातून किंवा पुडीतून खाशील, त्याचे कागद खिशात ठेव आणि पुढच्या वेळी घेऊन ये. आणि बिसीच्या मावशींना विचार, मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?

पुढच्या खेपेला त्याने टेबलावर कागद मांडले. लोणच्याच्या तीन छोट्या पुड्या. फरसाणाची पाच रुपयांची दोन पाकिटे. खारीला कागद नव्हता, ती टपरीवरच्या बरणीतली. पापडालाही नव्हता. दोन वेळच्या जेवणात एक-एक तळलेला उडदाचा पापड असे. आणि मावशींचे उत्तर असे : पन्नास माणसांच्या स्वयंपाकाला एक किलोचा पुडा तीन दिवस जातो.

आता हिशेब करू. एक हजार ग्रॅम मीठ, पन्नास माणसे, तीन दिवस. म्हणजे माणशी दिवसाला साधारण साडेसहा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली मर्यादा आहे दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता भरत नाही इतके. आणि यात सगळे मीठ आले, ताटातले, डाळीतले, पाकिटातलेही. म्हणजे या माणसाची मर्यादा डाळ, भाजी आणि भातातच ओलांडली गेली होती. लोणच्याची पुडी त्यानंतर फुटत होती.

लोणच्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा वाटा त्याचा निघाला. लोणचे मिठामुळे टिकते. मीठ फोडींतले पाणी ओढून घेते आणि त्या खारट रसात बुरशी व जंतू वाढू शकत नाहीत. म्हणून आपल्या अन्न सुरक्षा नियमांत उलटी अट आहे. ज्या लोणच्यात मीठ हेच टिकवण्याचे मुख्य साधन आहे, त्यात ते 12 टक्क्यांपेक्षा कमी असू नये. समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्के असते. म्हणजे लोणचे समुद्रापेक्षा तिप्पट खारट असते आणि तरीही आपण ते बोटाने चाटून खातो. याचे कारण कैरीचा आंबटपणा, मोहरीचा झणका, मिरचीचा तिखटपणा आणि तेल. एवढ्या चवींच्या गर्दीत जिभेला मीठ वेगळे जाणवत नाही. दहा ग्रॅमच्या एका पुडीत 1.2 ग्रॅम मीठ धरले, तर तीन पुड्यांचे झाले 3.6 ग्रॅम.

पापडाची गोष्ट थोडी निराळी आहे. पापडाच्या पिठात मीठ असतेच, शिवाय पापडखार असतो. पापड हलका व्हावा, फुलावा म्हणून तो घालतात. हा खार सोडियमचाच क्षार असतो, पण त्याची चव मिठासारखी खारट नसते. त्यामुळे जिभेला पापड लागतो त्यापेक्षा त्यात सोडियम जास्त असते. खारातले सोडियम रक्तदाबाला मिठाइतकेच वाईट की थोडे कमी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पापडातले निव्वळ मीठही काही थोडे नसते. उडदाच्या एका मध्यम पापडातले सोडियम मिठाच्या भाषेत अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त भरते. दोन पापडांचा सुमारे एक ग्रॅम. एक गैरसमज इथेच दूर करतो. "तळलेला नाही, भाजलेला खातो" असे पुष्कळ रुग्ण अभिमानाने सांगतात. भाजल्याने तेल वाचते. मीठ जेवढ्याला तेवढेच राहते.

फरसाणाच्या दोन पाकिटांत मिळून सुमारे पाऊण ग्रॅम, दोन खाऱ्यांत अर्धा ग्रॅम. सगळी बेरीज केली तर पुड्या, पापड आणि बरणीतून आलेले मीठ जवळजवळ सहा ग्रॅम झाले. जेवणातले साडेसहा त्यात मिळवले की साडेबारा. वरून मीठ न घेणारा माणूस मर्यादेच्या अडीच पट मीठ खात होता. हे आकडे अंदाजाचे आहेत, कंपनीगणिक थोडे बदलतील. पण अर्धा-एक ग्रॅम इकडेतिकडे झाला म्हणून चित्र बदलत नाही.

साडेबारा ग्रॅम म्हणजे किती, हे त्याला कसे समजावायचे? आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सलाईनची बाटली चांगली ओळखीची असते, अंगात जरा कणकण असली की "एक बाटली लावा" असा आग्रह होतो. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. मी त्याला म्हणालो, "तू रोज पावणेतीन बाटल्या सलाईनचे मीठ खातोस." तो माझ्याकडे पाहतच राहिला.

हीच बाटली मीठ आणि रक्तदाब यांचा संबंधही सांगते. रक्तातल्या मिठाचे प्रमाण शरीर एका ठरावीक पातळीवर राखते, साधारण त्या सलाईनइतके. जास्तीचे मीठ आत आले की ते पातळ करायला पाणी धरून ठेवावे लागते. तहान लागते, आपण पाणी पितो आणि मूत्रपिंडे ते मीठ बाहेर टाकेपर्यंत रक्तवाहिन्यांतून जास्त द्रव फिरत राहतो. तरुण, निरोगी मूत्रपिंडे हे काम बिनबोभाट उरकतात. काहींची मूत्रपिंडे मात्र मुळातच मीठ सावकाश टाकतात, आणि वय, मधुमेह किंवा घराण्यातला रक्तदाब असेल तर ती आणखी मंदावतात. अशा माणसात मीठ बाहेर ढकलण्यासाठी शरीर दाबच वाढवते. वर्षानुवर्षे तो दाब सोसून रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होतात. म्हणूनच एकच लोणचे खाणाऱ्या दोन भावांपैकी एकाचा दाब वाढतो, दुसऱ्याचा नाही. आणि आपण कोणत्या भावासारखे, हे सांगणारी सोपी तपासणी आमच्याकडे नाही.

मीठ कमी केल्याने दाब उतरतो, हे आता वादाचे राहिलेले नाही. 2001 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या प्रयोगात 412 जणांना सगळे जेवण तयार करून दिले गेले आणि त्यातले मीठ महिन्यामहिन्याने बदलले. नेहमीचाच आहार, फक्त मीठ निम्म्यावर आणले, तर वरचा आकडा सरासरी सहा-सात अंकांनी खाली आला. एका साध्या गोळीच्या कामाच्या जवळपास जाणारा हा परिणाम आहे.

लूमवरच्या माणसाला हे सांगितले की हमखास एक प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. "दिवसभर घाम गळतो, मीठ निघून जातं, मग खायला नको का?" घामातून मीठ जाते हे खरे. पण उष्णतेत रोज काम करणाऱ्याचे शरीर काही दिवसांत शिकते आणि घामातले मीठ अडवू लागते. अशा सरावलेल्या माणसाच्या घामातून पाणी जाते भरपूर, मीठ मात्र नवख्या माणसाच्या मानाने कमी. त्याला गरज पाण्याची असते. बिसीच्या नुसत्या डाळ-भातातूनच त्याला साडेसहा ग्रॅम मिळत होते, त्यावर पुडीतल्या मिठाची गरज नव्हती. अर्थात मीठ पूर्ण तोडा, असे मी कुणालाच सांगत नाही. जुलाब-उलट्या होत असताना, किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनी मीठ एकदम बंद केले तर सोडियम घसरून ग्लानी येऊ शकते. आपण बोलतो आहोत ते साडेबारावरून पाचाकडे येण्याबद्दल.

दुसरा हमखास प्रश्न सैंधवाचा. "आम्ही साधं मीठ बंद केलंय, सैंधवच वापरतो." सैंधव हेही जवळजवळ सगळे तेच मीठ आहे, खाणीतून काढलेले. रक्तदाबासाठी त्याचा काही फायदा नाही, आणि आयोडीन मिसळलेले नसेल तर तेही हातचे जाते. काही सोडियम काढून पोटॅशियम घातलेले मीठ मात्र खरोखर वेगळे असते. चीनमधल्या सहाशे खेड्यांत जवळपास पाच वर्षे ते वापरून पाहिले आणि पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी घटले, हे 2021 मध्ये जाहीर झाले. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना पोटॅशियम घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. शिवाय ते आपल्या डब्यातले मीठ बदलते. लोणच्याच्या पुडीतले मीठ कोण बदलणार?

आता पुन्हा त्या टेबलावरच्या कागदांकडे येऊ. लोणच्याच्या पुड्या मी उलटसुलट करून पाहिल्या. नाव होते, किंमत होती, कैरीचे चित्र होते. सोडियमचा आकडा कुठेच नव्हता. मला वाटले, कंपनीने नियम मोडला. मोडला नव्हता. वेष्टनाचा पृष्ठभाग 100 चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर पोषणाची माहिती त्यावर छापण्यापासून आपल्या नियमांनीच सूट दिली आहे. ती माहिती बाहेरच्या मोठ्या पाकिटावर असली की झाले. ते मोठे पाकीट दुकानदार फोडतो किंवा बिसीची मावशी फोडते आणि कचऱ्यात टाकते. पुडी खाणाऱ्याच्या हाती आकडा येतच नाही.

सूट देण्यामागचा विचार समजतो. एवढ्याशा कागदावर छापणार काय आणि कुठे? पण तिचा परिणाम पाहा. अर्ध्या किलोची बरणी घेणाऱ्या कुटुंबाला मागे आकडा मिळतो, वाचायचा की नाही हा त्यांचा प्रश्न. एक-दोन रुपयांची पुडी घेणाऱ्याला वाचायला काही दिलेच जात नाही. सुटा पापड, बरणीतली खारी, वजनावर मिळणारे फरसाण यांचेही तेच. ज्याच्या जेवणात भाजी पातळ आणि लोणचे दाट, त्याच्यापासूनच माहिती लपलेली राहते.

बिसीच्या मावशींशी मी एकदा बोललो. मी म्हणालो, लोणचे बंद करा. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं बरोबर आहे. पण या पैशात मी डाळ किती दाट देणार? लोणचं काढलं तर पोरं दोन घास जास्त जेवायची नाहीत, दुसऱ्या बिसीत जातील." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. लोणचे तिथे चैन म्हणून नाही, भाताचे दोन घास उतरावेत म्हणून आहे. तेव्हा आम्ही वेगळा तोडगा काढला. ताटात लिंबाची फोड आणि चिरलेला कांदा ठेवायचा, मिठाशिवाय. हिरवी मिरची आणि लसूण तव्यावर परतून ठेचा, मीठ अगदी बेताचे. लिंबाचा आंबटपणा मिठाची उणीव बरीच भरून काढतो. लोणचे ठेवायचे ते बरणीत, मागेल त्याला अर्धा चमचा. पुड्यांची पेटी गल्ल्यावरून हलवायची. स्वयंपाकातले मीठ त्यांनी स्वतःहून थोडे उतरवले, कुणी तक्रार केली नाही. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून ते एकदम नव्हे, हळूहळू उतरवायचे असते.

त्या कामगाराने दिवसाला एकच पुडी ठेवली, पापड सोडला आणि फरसाणाऐवजी बिनमिठाचे फुटाणे घेतले. एवढ्यानेच दिवसाचे चारेक ग्रॅम मीठ वाचले. दोन महिन्यांनी त्याचा दाब 146/90 होता, गोळी तीच, तेवढीच. एका माणसाच्या आकड्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. दाब ऋतूप्रमाणे, झोपेप्रमाणे बदलतो. आणि तो अजून पुरता आटोक्यात नव्हताच, पुढे गोळीत बदल करावा लागला. पण ती वाढवायची वेळ दोन महिने पुढे गेली आणि आपल्या आजारावर आपलाही हात चालतो, हे त्याला कळले.

घरी हा हिशेब करायला डॉक्टर लागत नाही. चार मोठ्या माणसांच्या घरात दिवसाला 5 ग्रॅमप्रमाणे महिन्याचे मीठ होते 600 ग्रॅम. तुमच्याकडे किलोचा पुडा महिन्यात संपत असेल, तर माणशी आठ ग्रॅमच्या वर फक्त डब्यातूनच जाते आहे. विकतचे लोणचे, पापड, वेफर्स त्याच्या वेगळे. घरीच लोणचे घालणाऱ्यांचा पुडा त्या महिन्यात जास्त जातो, पण ते लोणचे वर्षभर पुरते, हे ध्यानात घ्यावे. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणा, तेवढे मिलिग्रॅम मीठ. 100 ग्रॅममागे 600 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम असेल, तर तो पदार्थ खारटच समजा, मग जिभेला गोड लागो की आंबट. आणि आकडा 100 ग्रॅमचा दिला आहे की 20 ग्रॅमच्या एका 'सर्व्हिंग'चा, हे आधी पाहा. बहुतेकांची फसगत तिथेच होते.

पण ज्याच्या पुडीवर आकडाच नाही, त्याने काय गुणायचे? म्हणून माझे म्हणणे असे आहे. छोट्या पुड्यांना पोषणाचा सगळा तक्ता माफ करा, हरकत नाही. पण मिठाची सूट काढून घ्या. एक ठसठशीत खूण आणि 'मीठ जास्त' हे दोन शब्द मराठीत आणि हिंदीत, एवढ्याला पुडीवर जागा निघते. कंपनीचे नाव आणि कैरीचे चित्र त्याच पुडीवर बसते ना! चिली या देशाने 2016 पासून जास्त मीठ, साखर, चरबी असलेल्या पाकिटांवर समोरच काळे अष्टकोनी शिक्के छापायला लावले. वाचता न येणाऱ्यालाही तो शिक्का कळतो. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये पाकिटांना तारे देण्याचा मसुदा काढला होता. ताऱ्यांत अडचण ही, की पदार्थातल्या बऱ्या-वाईट गोष्टींची सरासरी काढली जाते आणि थोडी प्रथिने किंवा चोथा असला की मीठ झाकले जाते. रक्तदाबाच्या माणसाला सरासरी नको असते, त्याला मीठ किती एवढेच हवे असते.

ते होईल तेव्हा होईल. माझ्या टेबलाशी मी तोवर एक बदल केला आहे. "मीठ कमी खा" म्हणणे सोडले. आता विचारतो, "लोणच्याच्या पुड्या दिवसाला किती? पापड किती? पाच रुपयांची पाकिटे किती?" उत्तर लगेच मिळते, आकड्यात मिळते. गोळी वाढवायची की पुडी कमी करायची, ते त्यानंतर आम्ही दोघे मिळून ठरवतो.